एक डोळा झाला, दुसऱ्याचं काय?

मोतीबिंदूचं पहिलं ऑपरेशन छान होतं. पट्टी निघाली की रंग उजळ दिसतात, भिंतीचा पांढरा रंग खरोखर पांढरा वाटतो. मग घरचे म्हणतात, "आता एका डोळ्याने दिसतंय ना, दुसऱ्याचं दिवाळीनंतर बघू." पुष्कळांचं यात काही बिघडत नाही. पण ज्यांना आधीपासून मोठा मायनस नंबर आहे, त्यांच्यासाठी ही वाट बघणं फार त्रासाचं ठरू शकतं.

समजा, बासष्ट वर्षांच्या एका बाईंना दोन्ही डोळ्यांना मायनस सातचा चष्मा आहे. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. आत बसवलेल्या लेन्समुळे त्या डोळ्याचा नंबर जवळजवळ गेला, डाव्याचा सातच राहिला. जुना चष्मा लावला तर उजव्याला धूसर दिसतं आणि काढला तर डाव्याला. चष्म्याच्या दुकानात जाऊन उजवीकडे साधी काच बसवून घेतली, तर दोन्ही डोळ्यांना वेगवेगळं तपासल्यावर ठीक दिसतं, पण दोन्ही उघडे ठेवले की गरगरतं.

याचं कारण काचेत आहे. मायनस सातची काच वस्तू सुमारे आठ-नऊ टक्के लहान दाखवते. उजवा डोळा त्याच वस्तूचा पूर्ण आकार पाठवतो, आणि एवढा फरक मेंदूला जुळवता येत नाही. त्यात जिना उतरताना किंवा वाचताना आपण काचेच्या खालच्या भागातून बघतो. तिथे जाड काच प्रकाश वळवते, त्यामुळे एका डोळ्याचं चित्र दुसऱ्याच्या वर सरकतं आणि एका पायरीच्या दोन दिसतात. दोन डोळ्यांतला फरक साधारण तीन नंबरांच्या वर गेला की बहुतेकांना चष्म्याने तो पेलत नाही.

गंमत वाटेल, पण दुसऱ्या डोळ्यातला मोतीबिंदू कमी असेल तर हा त्रास जास्त होतो. गच्च मोतीबिंदू असलेल्या डोळ्याचं चित्र इतकं पुसट असतं की मेंदू ते बाजूला टाकतो. बऱ्यापैकी दिसणारा डोळा मात्र स्पष्ट डोळ्याशी भांडत राहतो. म्हणून "तो अजून पिकला नाही" हे थांबण्याचं कारण होत नाही. नंबरातला फरक हेच दुसरं ऑपरेशन लवकर करायला पुरेसं वैद्यकीय कारण आहे.

तरी थोडं अंतर ठेवतात, त्यालाही कारण आहे. ऑपरेशननंतरचा डोळ्याच्या आतला गंभीर संसर्ग क्वचित होतो, पण होतो तेव्हा बहुधा पहिल्या आठवड्यातच कळतो. शिवाय पहिल्या डोळ्याचा नंबर ठरल्यापेक्षा वेगळा आला, तर दुसऱ्याची लेन्स निवडताना डॉक्टर ते लक्षात घेतात. पहिला डोळा सुरळीत असेल, तर एक ते चार आठवड्यांत दुसरा करता येतो. फरक मोठा असेल तर या मुदतीच्या अलीकडच्या टोकाला राहावं.

मधले दिवस कसे काढायचे? मोठ्या फरकावर सगळ्यात चांगला उपाय म्हणजे न झालेल्या डोळ्यात कॉन्टॅक्ट लेन्स. ती बुबुळावरच बसते आणि नजरेबरोबर फिरते, म्हणून आकारातला फरक बराच कमी होतो आणि चित्र वर-खाली सरकत नाही. चष्म्याच्या मायनस सातला लेन्स साधारण साडेसहाची लागते. मात्र दुसऱ्या डोळ्याची मोजणी करण्याआधी मऊ लेन्स एक-दोन आठवडे बंद ठेवावी लागते, कारण तिने बुबुळाचा आकार थोडा बदलतो आणि मोजमाप चुकतं. तारीख जवळच असेल तर मोजणी दोन्ही डोळ्यांची आधीच करून घ्यावी. लेन्स जमत नसेल तर तेवढे दिवस डावी काच धूसर करून घेऊन उजव्यानेच बघावं. एका डोळ्याने खोलीचा अंदाज कमी येतो. म्हणून चहा ओतताना किटलीचं तोंड कपाला टेकवावं, जिन्यात कठडा धरावा आणि गाडी चालवू नये.

दोन-दोन दिसत असेल तर एक डोळा झाकून बघा. दुसरी प्रतिमा गेली, तर दोष बहुधा दोन डोळ्यांच्या न जुळण्यात आहे. एक डोळा झाकूनही दोन दिसत असेल, तर कारण त्या डोळ्यातच आहे, ते तपासून घ्या. ऑपरेशन झालेला डोळा दुखू लागला, लाल झाला, नजर कमी होत गेली, किंवा प्रकाश चमकून बाजूने पडदा येतोय असं वाटलं, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

आणि पहिल्या ऑपरेशनच्या आधीच डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा: दोन डोळ्यांत किती नंबरांचा फरक पडेल, दुसरा डोळा कधी करायचा, आणि मधे मी काय लावू? दुसरं ऑपरेशन करायचंच नसेल तर तेही तेव्हाच सांगा. मग पहिल्या डोळ्यात थोडा मायनस नंबर मुद्दाम ठेवून दोघांतला फरक कमी ठेवता येतो. एकदा लेन्स बसली की ही सोय सहज उरत नाही.