चार तुकड्यांचं वर्तुळ

इलस्ट्रेटरमध्ये वर्तुळ काढून निवडलं, की त्याच्या कडेवर चार बिंदू दिसतात. चार तुकडे जोडून ते केलेलं असतं, आणि काटेकोर बोलायचं तर ते वर्तुळ नसतंच.

प्रत्येक तुकडा ही एक बेझिए वक्ररेषा. रेनो या मोटार कंपनीतल्या पिएर बेझिए यांचं नाव तिला मिळालं. तिला चार बिंदू लागतात. रेषा पहिल्यातून निघते, चौथ्यात पोचते; मधले दोन तिला नुसते आपल्याकडे ओढतात.

100 त्रिज्येच्या पाव वर्तुळासाठी (100, 0), (100, 55.23), (55.23, 100) आणि (0, 100) घ्या. अर्ध्या वाटेवरचा बिंदू काढताना टोकांना एकेक वाटा, मधल्यांना तीन-तीन, आणि बेरजेला 8 ने भागायचं. x आणि y दोन्ही 70.71 येतात, हा बिंदू वर्तुळावर अगदी चपखल बसतो. 55.23 हा आकडा त्यासाठीच निवडलेला. इतरत्र मात्र रेषा जरा बाहेर फुगते, जास्तीत जास्त 0.027 ने. त्रिज्या 100 मिलिमीटर असली तरी हा फरक केसाहून बारीक, म्हणून कुणाची तक्रार नसते. तेच वर्तुळ दोनच तुकड्यांत उरकायला गेलात, तर फुगवटा 1.8 वर जातो आणि डोळ्यांना खुपतो.