परिभ्रमण घनाकृतीचे पृष्ठफळ

समतलातील y = f(x) हा वक्र x-अक्षाभोवती एक पूर्ण फेरा फिरवला असता निर्माण होणाऱ्या वक्रपृष्ठाचे क्षेत्रफळ म्हणजे परिभ्रमण घनाकृतीचे पृष्ठफळ होय. वक्राचा अत्यल्प तुकडा फिरला की शंकुछेदासारखा अरुंद पट्टा तयार होतो. त्याचा परीघ 2πy असतो. रुंदी मात्र dx नसून त्या तुकड्याची तिरकी लांबी असते. म्हणून

S = ∫ 2πy √(1 + (y′)²) dx

वर्गमूळामुळे हा समाकल बहुधा किचकट होतो. गोल हा त्याला सुखद अपवाद आहे. तेथे y = √(r² − x²) आणि y′ = −x/y, म्हणून

1 + (y′)² = (y² + x²)/y² = r²/y²

y धन असल्याने वर्गमूळ r/y येते, आणि छेदातील y बाहेरच्या y बरोबर नाहीसा होतो. उरतो केवळ ∫ 2πr dx. x = a ते x = b या पट्ट्याचे पृष्ठफळ त्यामुळे 2πr(b − a) होते.

१० सेंमी त्रिज्येच्या गोलाचा २ सेंमी जाडीचा काप मध्यातून घ्या किंवा टोकाचा घ्या, त्याचे वक्रपृष्ठ सुमारे १२५.७ चौ. सेंमीच भरते. टोकाकडे परीघ घटतो, पण उतारामुळे पट्टा तितकाच रुंद होतो. x = ±r येथे अवकलज अनंत होतो, तरी गुणाकार r च राहतो; म्हणून पूर्ण गोलाचे पृष्ठफळ 4πr² मिळते. आर्किमिडीजने हे सूत्र कलनशास्त्राविनाच सिद्ध केले होते.

तिरक्या लांबीऐवजी dx घेतल्यास उत्तर π²r², म्हणजे सुमारे २१ टक्के कमी येते. वर्गमूळ १ पेक्षा कधीच लहान नसल्याने ही चूक पृष्ठफळ कधीही वाढवत नाही.