कोथरूड पुढे की चिंचवड? विक्रीच्या आठ नोंदींचा हिशेब

दिवाळीचा फराळ विकणारा एक व्यावसायिक आहे. त्याच्या शाखा तीन: कोथरूड, चिंचवड आणि सातारा. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यातल्या विक्रीच्या नोंदी एक्सेलच्या शीटमध्ये उतरवलेल्या आहेत. विद्यार्थ्याला काम दिले आहे ते असे: सूत्र घालून रक्कम काढा, पाच हजार किंवा त्याहून मोठ्या विक्रीची ओळ रंगवा आणि पिव्होट टेबलने शाखावार गोषवारा मांडा. उदाहरण काल्पनिक असले, तरी एमएस-सीआयटीच्या वर्गापासून वाणिज्य महाविद्यालयाच्या प्रात्यक्षिकापर्यंत हीच असाइनमेंट थोड्याफार फरकाने सगळीकडे भेटते. नोंदी फक्त आठ आहेत, तरीही सगळ्यात जास्त विक्री कोणत्या शाखेची, याचे उत्तर या आठ नोंदींत सहज चुकू शकते.

| ओळ | Date | Branch | Item | Qty | Rate | Amount |
|---|---|---|---|---|---|---|
| 2 | 1 ऑक्टो. | कोथरूड | चकली | 12 | 400 | 4,800 |
| 3 | 1 ऑक्टो. | सातारा | चिवडा | 20 | 280 | 5,600 |
| 4 | 2 ऑक्टो. | चिंचवड | शंकरपाळे | 15 | 320 | 4,800 |
| 5 | 3 ऑक्टो. | कोथरूड | चिवडा | 25 | 280 | 7,000 |
| 6 | 3 ऑक्टो. | सातारा | चकली | 10 | 400 | 4,000 |
| 7 | 4 ऑक्टो. | चिंचवड | चकली | 18 | 400 | 7,200 |
| 8 | 5 ऑक्टो. | कोथरूड | शंकरपाळे | 10 | 320 | 3,200 |
| 9 | 6 ऑक्टो. | सातारा | शंकरपाळे | 5 | 320 | 1,600 |

पहिली ओळ शीर्षकांची आहे. तारीख A रकान्यात, शाखा B मध्ये, याप्रमाणे रक्कम F मध्ये येते. F2 मध्ये `=D2*E2` लिहून ते खाली ओढले, की प्रत्येक ओळीची रक्कम तयार होते. खाली ओढताना एक्सेल D2 चे D3, D4 असे स्वतःच बदलत जाते. इथे हे बदलणे हवेच असते, पण प्रत्येक वेळी हवे असते असे नाही. समजा, विक्रेत्यांना दोन टक्के कमिशन द्यायचे आहे आणि तो दर M1 या एकाच सेलमध्ये लिहिला आहे. `=F2*M1` पहिल्या ओळीत बरोबर 96 रुपये दाखवील. तेच सूत्र खाली ओढले, की दुसरी नोंद M2 मध्ये दर शोधते, तिथे काहीच नसते आणि उत्तर शून्य येते. सूत्र `=F2*$M$1` असे लिहिले, की डॉलरच्या खुणांमुळे पत्ता जागेवर राहतो. या चुकीत एक्सेल कोणतीही सूचना देत नाही, कारण त्याच्या दृष्टीने रिकाम्या सेलशी गुणाकार करण्यात काही गैर नाही.

पत्त्यांची चूक फक्त शिकाऊ लोकांची असते, असे समजू नये. कार्मेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या हार्वर्डच्या अर्थतज्ज्ञांनी 2010 मध्ये देशांवरचे कर्ज आणि आर्थिक वाढ यांवर एक गाजलेला निबंध प्रसिद्ध केला होता. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात थॉमस हर्नडन या विद्यार्थ्याला वर्गातली असाइनमेंट म्हणून एखाद्या निबंधाचे आकडे पुन्हा मांडून पाहायचे होते. त्याने हा निबंध घेतला, पण आकडे जुळेनात. मूळ शीट हाती आल्यावर दिसले, की सरासरीच्या सूत्रातली कक्षा पाच ओळी आधीच संपत होती आणि पाच देश हिशेबातून गळले होते. निष्कर्ष बदलण्यामागे इतरही कारणे होती, ही एकच चूक नव्हे. तरी 2013 मध्ये जगभर चर्चा झाली ती या पाच ओळींची.

फराळाच्या शीटमध्येही हा धोका आहे. सूत्रात F2:F9 अशी कक्षा लिहिली आणि उद्या दहाव्या ओळीत नवी विक्री आली, तर ती बेरजेत येणार नाही. म्हणून नोंदी निवडून आधी Ctrl+T दाबावे. मग साधी शीट रीतसर टेबल बनते, तिला Sales असे नाव देता येते आणि नवी ओळ आपोआप तिच्यात सामील होते. त्यानंतर शाखावार बेरीज अशी लिहिता येते:

```
=SUMIFS(Sales[Amount],Sales[Branch],J2)
```

J2, J3 आणि J4 मध्ये तीन शाखांची नावे आहेत. सूत्र सांगते, की ज्या ओळीत शाखा J2 सारखी असेल, त्या ओळींची रक्कम मिळव. उत्तरे येतात ती अशी: कोथरूड 11,800, चिंचवड 12,000 आणि सातारा 11,200. म्हणजे चिंचवड पहिले.

हे उत्तर चूक आहे. तिन्हींची बेरीज केली तर 35,000 होते, आणि `=SUM(Sales[Amount])` मात्र 38,200 दाखवते. फरक 3,200 चा आहे. हा आकडा आठव्या ओळीतल्या शंकरपाळ्यांचा, हे वरच्या तक्त्यात सहज दिसते. त्या ओळीत शाखेचे नाव कोथरूडच आहे, पण शेवटी एक मोकळी जागा टंकली गेली आहे. डोळ्यांना ती दिसत नाही. एक्सेलसाठी मात्र ते वेगळे नाव ठरते. खात्री करायची तर `=LEN(B8)` लिहून पाहावे. कोथरूडमधल्या अक्षरखुणा आणि काना-मात्रा-उकार धरून उत्तर 6 यायला हवे, ते 7 येते. मोकळी जागा काढली, की कोथरूडची विक्री 15,000 होते आणि ती शाखा पहिल्या क्रमांकावर जाते.

अशी जागा काढण्यासाठी बाजूच्या रिकाम्या रकान्यात `=TRIM(B2)` लिहून खाली ओढतात आणि मिळालेली नावे कॉपी करून मूळ रकान्यात Paste Values ने चिकटवतात. वेबपानावरून उचललेल्या माहितीत कधीकधी वेगळ्या जातीची मोकळी जागा असते, ती TRIM ला जुमानत नाही. तेव्हा `=TRIM(SUBSTITUTE(B2,CHAR(160)," "))` वापरावे लागते. मराठीत नोंदी करणाऱ्यांपुढे आणखी एक अडचण असते: एकाने कोथरूड लिहिले आणि दुसऱ्याने कोथरुड, तर ऱ्हस्व-दीर्घाच्या फरकाने दोन शाखा तयार होतात. TRIM इथे काही करू शकत नाही. Data Validation मधून नावांची यादी बांधून दिली आणि नोंद करणाऱ्याला त्यातूनच निवडायला लावले, तर हा घोळ मुळातच होत नाही.

रंगाचे काम सोपे वाटते आणि त्यातच सर्वाधिक गोंधळ होतो. A2 पासून F9 पर्यंत निवडून Conditional Formatting मध्ये New Rule घ्यायचा आणि सूत्र द्यायचे `=$F2>=5000`. यात F च्या आधी डॉलर आहे, 2 च्या आधी नाही. म्हणजे ओळीतल्या प्रत्येक सेलने F रकान्यातच पाहावे, पण आपापल्या ओळीत. तसे केले, की 3, 5 आणि 7 या ओळी रंगतात: 5,600, 7,000 आणि 7,200. `=$F$2>=5000` लिहिले तर सगळ्या ओळी F2 मधल्या 4,800 वरच निर्णय घेतात आणि एकही रंगत नाही. याहून फसवी चूक म्हणजे सूत्र बरोबर, पण निवड चुकून शीर्षकासह A1 पासून केलेली. मग प्रत्येक ओळ स्वतःऐवजी खालच्या ओळीकडे पाहते आणि रंग 2, 4 आणि 6 या ओळींना लागतो. शीट छान रंगीत दिसते, पण रंगलेली एकही विक्री पाच हजारांची नसते. म्हणून रंगलेल्या एका तरी ओळीची रक्कम वाचावी, आणि न रंगलेल्याही एका ओळीची.

आता पिव्होट टेबल. ही सोय एक्सेलमध्ये 1993 च्या पाचव्या आवृत्तीपासून आहे, आणि कीर्द-खतावणी पाहिलेल्या माणसाला ती समजायला वेळ लागत नाही. रोजच्या नोंदी कीर्दीत तारखेच्या क्रमाने पडतात, मग त्या खात्यांनुसार खतावणीत चढवल्या जातात. इथे Sales ही कीर्द आहे आणि पिव्होट तिची खतावणी तयार करते. Insert मधून PivotTable घेऊन Branch हे क्षेत्र Rows मध्ये, Item हे Columns मध्ये आणि Amount हे Values मध्ये ओढले, की तीन शाखा आणि तीन माल यांचा तक्ता समोर येतो. चकलीचे एकूण 16,000, चिवड्याचे 12,600, शंकरपाळ्यांचे 9,600. चिंचवडच्या ओळीत चिवड्याचे घर रिकामे आहे, म्हणजे तिथे त्या आठवड्यात चिवडा विकल्याची नोंदच नाही. असा रिकामा चौकोन आठ नोंदींच्या यादीत लक्षात येत नाही, आणि मालकाला विचार करायला लावणारी गोष्ट तीच असते.

आठव्या ओळीतली मोकळी जागा तशीच राहिली असती, तर पिव्होटमध्ये कोथरूड दोनदा दिसले असते: एकदा 11,800 आणि एकदा 3,200. एकूण बेरीज मात्र 38,200 च राहिली असती. त्यामुळे फक्त शेवटची बेरीज पाहून समाधान मानू नये, शाखांची नावे मोजावीत. कोणत्याही आकड्यावर दोनदा क्लिक केले, की तो ज्या नोंदींतून आला त्या वेगळ्या शीटवर उघडतात. चूक शोधायला याच्याइतके जवळचे साधन पिव्होटमध्ये दुसरे नाही.

मूळ नोंद दुरुस्त केली, तरी पिव्होटमधला आकडा जुनाच राहू शकतो, कारण पिव्होट नोंदींची स्वतःजवळची प्रत वाचते. उजवे क्लिक करून Refresh केल्यावर नवे आकडे येतात. अनेकजण सूत्रे दुरुस्त करतात आणि पिव्होट तशीच सोडून फाइल जमा करतात.

पिव्होटमध्येच रक्कम काढण्याचा मोहही टाळावा. Calculated Field मध्ये `=Qty*Rate` लिहिता येते, पण ते ओळीओळीने गुणत नाही, आधी दोन्हींची बेरीज करते. चकलीचे किलो 12, 10 आणि 18 मिळून 40 होतात. दर 400 तीनदा येतो, म्हणून त्याची बेरीज 1,200. गुणाकार 48,000, खऱ्या विक्रीच्या तिप्पट. म्हणूनच Amount हा रकाना नोंदींच्या टेबलमध्येच हवा.

अशा असाइनमेंटसाठी वर्गात बहुधा धुऊन-पुसून ठेवलेली फाइल दिली जाते, त्यामुळे सूत्र, रंग आणि पिव्होट तिन्ही पहिल्या फटक्यात जमतात आणि विद्यार्थी खऱ्या दुकानाच्या फाइलपुढे अडतो. शिकवणाऱ्यांना विनंती एवढीच, की फाइल देताना एका शाखेच्या नावापुढे मुद्दाम एक मोकळी जागा ठेवा, आणि SUM, SUMIFS व पिव्होट या तिन्हींच्या बेरजा शेजारीशेजारी लिहून ताळा दाखवणाऱ्यालाच पूर्ण गुण द्या.