भुकेल्याला भरपेट वाढण्याआधी

15 एप्रिल 1945 रोजी ब्रिटिश सैन्य उत्तर जर्मनीतल्या बर्गेन-बेल्सन छळछावणीत पोहोचलं. आत सुमारे साठ हजार कैदी होते. कित्येकांना उठून बसण्याचंही त्राण नव्हतं. हे दृश्य पाहून हेलावलेल्या सैनिकांनी जवळ होतं ते सगळं पुढे केलं. डबाबंद मांस, चरबीदार स्टू, दूध, चॉकलेट असा तो लष्करी शिधा होता. कैद्यांनी तो अधाशासारखा खाल्ला, आणि त्यांतले बरेच जण त्यानंतर दगावले.

सुटका झाल्यावरही या छावणीत तेरा हजारांहून अधिक माणसं मेली. सगळीच अन्नामुळे मेली असं नाही. टायफस, क्षय आणि आमांश यांनी छावणी आधीच पोखरली होती. अन्नाच्या वाट्याला त्यातले किती मृत्यू आले, हे वेगळं काढून सांगता येत नाही. पण जड जेवण दिल्याने माणसं दगावताहेत हे डॉक्टरांच्या लगेच लक्षात आलं आणि त्यांनी पर्याय शोधायला सुरुवात केली. त्यातल्या एका पर्यायाचा भारताशी संबंध होता. 1943 च्या बंगालच्या दुष्काळात वापरलेलं दूध पावडर, पीठ, साखर आणि मीठ यांचं पातळ मिश्रण बेल्सनमध्ये आणलं गेलं. पूर्व युरोपातल्या कैद्यांना ते इतकं गोड लागलं की अनेकांनी तोंड फिरवलं. मग प्रथिनांची इंजेक्शनं द्यायचं ठरलं, तर सुई पाहूनच कैदी किंचाळू लागले. नाझी छावण्यांत इंजेक्शन म्हणजे मरण, हे त्यांनी पाहिलेलं होतं.

शरीराच्या आत नेमकं काय होतं, याचा उलगडा व्हायला पुढची काही दशकं लागली. 1981 मध्ये वाइन्सियर आणि क्रूमडीक या अमेरिकी डॉक्टरांनी दोन रुग्णांची हकिकत प्रसिद्ध केली. दोघेही अतिशय खंगलेले, पण स्थिर होते. त्यांना शिरेतून भरपूर पोषण देणं सुरू केलं आणि थोड्याच काळात त्यांचं हृदय व श्वसन कोलमडलं. रक्तातला फॉस्फरस तळाला गेला होता. या प्रकाराला आज ‘रीफीडिंग सिंड्रोम’ म्हणतात.

माणूस बरेच दिवस उपाशी राहिला की शरीर साखरेऐवजी चरबी आणि स्नायू जाळून दिवस काढतं. इन्शुलिन खाली येतं, हृदयाचे ठोके मंदावतात, शरीर थंड पडतं. या काळात पेशींच्या आतला फॉस्फरस, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम यांचा साठा हळूहळू झिजत जातो. मात्र रक्तातली पातळी शरीर कशीबशी सांभाळून ठेवतं. फसगत इथेच होते. अशा माणसाचा रक्ताचा रिपोर्ट पुष्कळदा नॉर्मल येतो. तिजोरी रिकामी झालेली असते, पण खिशातली चिल्लर तेवढीच दिसत असते.

मग पोटात भात, साखर, पोळी जाते. इन्शुलिन उसळतं आणि साखरेला पेशींत ढकलतं. साखरेपासून ऊर्जा करायची तर पेशीला फॉस्फरस लागतो, म्हणून ती तो रक्तातून खेचून घेते. पोटॅशियम आणि मॅग्नेशियमही मागोमाग आत जातात. काही तासांत, फार तर चार-पाच दिवसांत, रक्तातली पातळी कोसळते. एरवी प्रौढाच्या रक्तात दर डेसिलिटरला साधारण अडीच ते साडेचार मिलिग्रॅम फॉस्फरस असतो. तो एक मिलिग्रॅमच्या खाली गेला की श्वासपटल धडपणे हलत नाही आणि हृदय दुबळं पडतं. पोटॅशियम घसरलं की ठोक्यांची लय बिघडते. इन्शुलिनमुळे मूत्रपिंडं मीठ आणि पाणी धरून ठेवतात, म्हणून पाय सुजतात, फुप्फुसांतही पाणी साचू शकतं. घरच्यांना मात्र वाटतं, ‘अंग धरतंय.’

यात थायमिन म्हणजे बी-1 या जीवनसत्त्वाची वेगळी भर पडते. साखर जाळायला ते लागतंच, आणि शरीरात त्याचा साठा जेमतेम दोन-तीन आठवड्यांचा असतो. तो संपलेला असताना साखर मिळाली तर मेंदूला इजा होते. डोळे भिरभिरतात, तोल जातो, माणूस असंबद्ध बोलू लागतो. वेळेत थायमिन मिळालं नाही तर स्मृती कायमची जाऊ शकते.

आपल्याकडे या संदर्भात सलाइनबद्दल बोलायलाच हवं. अशक्त माणसाला दवाखान्यात नेलं की नातेवाइकांची पहिली मागणी ‘एक सलाइन लावा’ ही असते. बाटलीत पाच टक्के डेक्स्ट्रोज असेल तर एका लिटरमध्ये 50 ग्रॅम साखर असते, आणि फॉस्फरस किंवा थायमिन अजिबात नसतं. दोन आठवडे अन्न न घेतलेल्या दारूच्या व्यसनी माणसाला, अन्ननलिकेच्या कर्करोगाने घास गिळता न येणाऱ्याला किंवा क्षयाने खंगलेल्याला अशी बाटली नुसतीच लावली तर तीही रीफीडिंगच ठरते. तांदळाची पातळ पेज पोटाला हलकी असते हे खरं, पण तिच्यातही मुख्यतः पिष्टच असतं. पचायला हलकं आणि रक्तातल्या क्षारांच्या दृष्टीने सुरक्षित या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

एकादशीचा किंवा नवरात्राचा उपास करणाऱ्या धडधाकट माणसाने यातलं काही मनावर घ्यायचं कारण नाही. साबुदाणा, दूध, फळं, दाणे पोटात जात असतात. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेच्या निकषांनुसार पुढच्या चारपैकी एक गोष्ट असली तरी धोका मोठा मानतात: बीएमआय 16 च्या खाली, तीन ते सहा महिन्यांत 15 टक्क्यांहून अधिक वजन आपोआप घटणं, दहा दिवसांहून अधिक काळ जवळपास काहीच न खाणं, आणि खाणं सुरू करण्याआधीच फॉस्फरस, पोटॅशियम किंवा मॅग्नेशियम कमी असणं. नुसत्या पाण्यावर पंधरवडा काढणारे आणि लांबलेल्या उपोषणावरचे लोक यात येतात.

अशा प्रौढाला ‘नाइस’च्या शिफारशीप्रमाणे पहिल्या दिवशी वजनाच्या दर किलोमागे फार तर दहा कॅलरी द्यायच्या. म्हणजे 36 किलोच्या माणसाला दिवसभरात 360. एका भरल्या ताटाहूनही कमी. अन्नाच्या आधी थायमिन द्यायचं, क्षार भरून काढायचे आणि सुरुवातीचे तीन दिवस रक्त पुन्हा पुन्हा तपासायचं. फॉस्फरस घसरताना दिसला की तो शिरेतून द्यायचा आणि कॅलरी वाढवणं थांबवायचं. घरच्या घरी हे शक्य नाही, कारण घसरण डोळ्यांना दिसेपर्यंत उशीर झालेला असतो.

लहान मुलांच्या बाबतीत हे शास्त्र सर्वांत नेमकं झालेलं आहे. मेळघाट, नंदुरबारसारख्या भागांतल्या सरकारी रुग्णालयांना जोडलेल्या पोषण पुनर्वसन केंद्रांत, म्हणजे एनआरसीत, त्यातलाच जागतिक आरोग्य संघटनेचा क्रम वापरतात.

समजा, दीड वर्षांची, सहा किलोची मुलगी अंगणवाडी सेविकेला सापडली. दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरपेक्षा कमी, भूक मेलेली, अंगात ताप. तिला दाखल केल्यावर आधी रक्तातली साखर पाहतात. ती 54 मिलिग्रॅमच्या खाली असेल तर लगेच 50 मिलिलिटर दहा टक्के साखरेचं पाणी देतात. इथे साखर टाळणंच जीवघेणं ठरेल. मग ‘एफ-75’ नावाचं पातळ दूध सुरू होतं. 100 मिलिलिटरमध्ये 75 कॅलरी असतात म्हणून हे नाव. तयार पाकीट नसेल तर 300 मिलिलिटर गाईचं दूध, 100 ग्रॅम साखर, 20 मिलिलिटर तेल आणि ठरावीक क्षारांचं द्रावण घेऊन उकळलेल्या पाण्याने एक लिटर करतात. क्षारांच्या द्रावणाशिवाय ही कृती अपुरी आहे, म्हणून ती घरी करून पाहण्याची नाही.

प्रमाण दर किलोला दिवसाला 130 मिलिलिटर. सहा किलोला 780 होतात. ते बारा भागांत, दर दोन तासांनी 65 मिलिलिटर द्यायचे. रात्रीसुद्धा. रात्रीचे दोन-तीन भाग चुकले तर पहाटे साखर उतरते आणि मूल थंड पडतं. या दुधात प्रथिनं मुद्दाम कमी ठेवलेली असतात, कारण थकलेलं यकृत आणि मूत्रपिंडं जास्त प्रथिनं पेलू शकत नाहीत. मूल पांढरंफटक दिसलं तरी या टप्प्यात लोहाचं औषध देत नाहीत. त्याने जंतुसंसर्ग बळावण्याची भीती असते.

या पहिल्या दिवसांत वजन वाढणं अपेक्षित नसतं. सूज असेल तर ती उतरताना वजन उलट कमी होतं. आईला हे पटवणं अवघड जातं. पोर रडतंय, नर्सबाई दोन घोट दूध देतात आणि काट्यावर आकडा खाली येतोय. अशा वेळी उशाखालचा बिस्किटपुडा निघतो किंवा आजी डाळभात भरवते. म्हणूनच चांगल्या केंद्रात आईला पहिल्याच दिवशी सगळं समजावून सांगतात. बुडीत मजुरी दिली जाते, तीही आई मधेच घरी जाऊ नये म्हणून.

भूक परत आली की खरं वळण येतं. दोन ते सात दिवसांत बहुतेक मुलं स्वतःहून वाटी मागतात. तेव्हा तेवढंच प्रमाण ठेवून ‘एफ-100’ हे दाट दूध देतात, दोन दिवस तसंच ठेवतात आणि मग दर वेळी दहा-दहा मिलिलिटर वाढवत नेतात. या दिवसांत नर्स दर चार तासांनी नाडी आणि श्वास मोजते. नाडी मिनिटाला 25 ने आणि श्वास 5 ने वाढला आणि पुढच्या मोजणीतही तसाच राहिला तर हृदयावर ताण पडतोय असं समजून दूध कमी करतात. यासाठी एक घड्याळ आणि नीट मोजणारं माणूस पुरतं.

‘हळू म्हणजेच सुरक्षित’ हा समजही आता मागे पडतो आहे. स्वतःला उपाशी ठेवण्याच्या, म्हणजे अॅनोरेक्सियाच्या, आजारात दाखल केलेल्या तरुण रुग्णांवर अमेरिकेत झालेल्या ‘स्ट्राँग’ या चाचणीत काहींना दिवसाला 1400 तर काहींना 2000 कॅलरींपासून सुरुवात केली. रोजच्या तपासणीत क्षार सांभाळले गेल्यामुळे जास्त कॅलरी घेणारे आधी स्थिर झाले आणि त्यांच्यात धोका वाढला नाही. अतिशय खंगलेल्या रुग्णाला हा वेग तसाच लावता येणार नाही. पण या चाचणीचा कौल स्पष्ट आहे: ज्या वॉर्डात रक्त वेळेवर तपासलं जातं तिथे रुग्णाला विनाकारण उपाशी ठेवायची गरज उरत नाही.

घरात कुणी दहा दिवसांहून अधिक काळ नीट खाल्लेलं नसेल, तर दवाखान्यात गेल्यावर ‘फार अशक्तपणा आहे’ एवढ्यावर थांबू नका. किती दिवस काय खाल्लं, वजन किती उतरलं, दारूची सवय आहे का, हे सलाइन लागण्याआधी सांगा. आणि फॉस्फरस तपासायचा आहे का, हेही विचारा; नेहमीच्या रक्ततपासणीत तो बहुधा नसतो.