तपकिरी साका, निळा रंग आणि नदीतला ऑक्सिजन

खडकवासला धरणाच्या खाली मुठेचं पाणी काचेच्या बाटलीत काठोकाठ भरायचं, त्यात दोन द्रावणं प्रत्येकी एक मिलिलिटर सोडायची आणि बूच लावून बाटली उलटसुलट करायची. काही क्षणांतच आत तपकिरी रंगाचा, पिंजलेल्या कापसासारखा साका तयार होतो. हीच मुठा पुणे शहरातून वाहत जाते आणि तिला सांडपाण्याचे नाले मिळतात. एखाद्या नाल्याच्या तोंडाशी साचलेलं काळं, वास मारणारं पाणी घेऊन तेच केलं, तर साका पांढराच राहतो. पांढरा साका म्हणजे त्या पाण्यात मासा जगवू शकेल असा ऑक्सिजन जवळजवळ उरलेला नाही. अनुभवी तपासनीसाला हे काठावरच कळतं. प्रयोगशाळेत पुढे होतं ते नेमका आकडा काढण्याचं काम.

ही पद्धत बुडापेस्टच्या लायोश विंकलर यांनी १८८८ मध्ये मांडली, तेव्हा ते पंचविशीत होते. नंतर इलेक्ट्रोडवर चालणारी मीटरं आली, प्रकाशावर चालणारी संवेदकं आली. तरी ती बरोबर दाखवताहेत का हे पडताळायला आजही विंकलरच्याच टायट्रेशनकडे यावं लागतं. भारतीय मानकांतही ती आहे आणि पर्यावरणशास्त्राच्या प्रात्यक्षिकांत विद्यार्थी ती दरवर्षी करतात. बहुतेकांना ती पाठ असते. प्रत्येक रसायन नेमकं त्याच वेळी का घालायचं, हे मात्र फार थोड्यांना सांगता येतं.

मुळातली अडचण अशी, की पाण्यातला ऑक्सिजन फार थोडा असतो आणि क्षणोक्षणी बदलत असतो. २५ अंश सेल्सियसला समुद्रसपाटीवर शुद्ध पाणी हवेतून जास्तीत जास्त ८.३ मिलिग्रॅम प्रति लिटर इतकाच ऑक्सिजन विरघळवून ठेवू शकतं. बाटली प्रयोगशाळेत नेईपर्यंत त्यातले जिवाणू तो खात राहतात, शेवाळं उन्हात नवा तयार करतं आणि बूच उघडलं की हवेतला आत शिरतो. त्यामुळे ऑक्सिजन नदीकाठीच पकडून अशा रूपात बांधायचा, की नंतर तो ना वाढेल ना घटेल. विंकलर यांची खरी करामत इथे आहे.

त्यासाठी ३०० मिलिलिटरची, घासलेल्या काचेच्या बुचाची बाटली लागते. पाणी नळीने थेट बाटलीच्या तळाशी सोडतात आणि दोन-तीन बाटल्यांइतकं वाहून जाऊ देतात, म्हणजे सुरुवातीला हवेला लागलेलं पाणी बाहेर पडतं. बादलीतून धो-धो ओतून भरलेली बाटली फुकट गेली, कारण त्या खळखळाटात पाणी हवेतून ऑक्सिजन घेतं. बुचाखाली एकही बुडबुडा राहू नये, हा नियम किती गंभीर आहे ते हिशेबावरून दिसतं. एक मिलिलिटर हवेत साधारण ०.२७ मिलिग्रॅम ऑक्सिजन असतो. बाटली हलवल्यावर तो सगळा साक्यात गेला, तर ३०० मिलिलिटरच्या बाटलीत निकाल लिटरमागे सुमारे ०.९ मिलिग्रॅमने फुगतो. प्रत्यक्षात चारच असेल, तर निकालात जवळपास पाच दिसेल, आणि पाच म्हणजे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या निकषानुसार अंघोळीला चालणारं पाणी.

आता पहिली पायरी. पिपेटचं टोक पाण्याच्या पृष्ठभागाखाली धरून आधी मँगॅनीज सल्फेटचं द्रावण सोडतात, मग सोडियम हायड्रॉक्साइड, आयोडाइड आणि थोडं सोडियम अझाइड असलेलं दुसरं द्रावण. दोन्ही पाण्याहून जड असल्याने खाली जातात आणि वरचं दोन मिलिलिटर पाणी बाहेर सांडतं. मँगॅनीज आणि अल्कली एकत्र येताच मँगॅनीज हायड्रॉक्साइडचा पांढरा साका बनतो. अल्कलीत असताना हे मँगॅनीज ऑक्सिजनचं हावरं असतं. पाण्यातला ऑक्सिजन ते ओढून घेतं आणि तपकिरी होतं:

Mn²⁺ + 2OH⁻ → Mn(OH)₂
2Mn(OH)₂ + O₂ → 2MnO(OH)₂

ऑक्सिजन जितका जास्त, तितका तपकिरी साका जास्त. ऑक्सिजन बाटलीभर पसरलेला असतो आणि साका तळाला बसतो, म्हणून त्यांची गाठ पडेपर्यंत बाटली पुन्हा पुन्हा उलटी करावी लागते. साका निम्म्यापर्यंत खाली बसू द्यायचा, एकदा पुन्हा हलवायचं, पुन्हा बसू द्यायचा. घाई केली तर काही ऑक्सिजन पाण्यात तसाच राहतो आणि आकडा कमी येतो.

दुसऱ्या पायरीला बूच हळूच काढून एक मिलिलिटर तीव्र सल्फ्युरिक आम्ल घालतात. आता सगळा खेळ उलटतो. अल्कलीत जे मँगॅनीज ऑक्सिजन ओढत होतं, तेच आम्लात तो दुसऱ्याच्या गळ्यात मारायला पाहतं. हा दुसरा म्हणजे बाटलीत आधीच घातलेलं आयोडाइड. आयोडाइडचं आयोडीन होतं, साका विरघळतो आणि पाणी स्वच्छ सोनेरी-तपकिरी होतं:

MnO(OH)₂ + 2I⁻ + 4H⁺ → Mn²⁺ + I₂ + 3H₂O

आम्लानंतर उरलेलं साधं मँगॅनीज हवेतला ऑक्सिजन घेऊ शकत नाही. म्हणजे आता बाटलीला हवा लागली तरी फारसं बिघडत नाही. काठावर आम्ल घालून झालेली बाटली उन्हापासून दूर, अंधारात ठेवली तर काही तासांनी प्रयोगशाळेत मोजता येते. ऑक्सिजन केव्हाच संपलेला असतो. एका हातातून दुसऱ्या हातात फिरणाऱ्या हुंडीसारखा त्याचा हिशेब आधी मँगॅनीजकडे आणि मग आयोडीनकडे गेलेला असतो. आयोडीन मोजणं सोपं असतं.

हे आयोडीन मोजायला सोडियम थायोसल्फेट वापरतात. छायाचित्रकारांच्या अंधाऱ्या खोलीत ‘हायपो’ म्हणून वावरायचं तेच हे. बाटलीतलं २०१ मिलिलिटर पाणी शंकूच्या आकाराच्या चंबूत घेऊन ब्युरेटमधून ०.०२५ नॉर्मल हायपो थेंब थेंब सोडतात:

I₂ + 2S₂O₃²⁻ → 2I⁻ + S₄O₆²⁻

सोनेरी रंग उतरत जाऊन वाळलेल्या गवतासारखा फिकट पिवळा झाला, की स्टार्चचे थोडे थेंब घालतात आणि द्रावण गर्द निळं होतं. स्टार्चच्या लांब साखळ्या गोल जिन्यासारख्या वळलेल्या असतात. आयोडीनचे रेणू त्या पोकळीत शिरून बसले, की हा निळा रंग येतो. आयोडीन भरपूर असताना स्टार्च घातलं तर ते पोकळीत घट्ट अडकतं, हायपोला सहज मिळत नाही आणि शेवट चुकतो. म्हणून स्टार्च शेवटीच. आता एक-एक थेंब टाकत निळा रंग ज्या थेंबाला पूर्ण जातो, तिथे ब्युरेट वाचायची.

२०१ मिलिलिटरच का, २०० का नाही? ३०० मिलिलिटरच्या बाटलीत दोन मिलिलिटर रसायनं घातल्याने तेवढंच पाणी सांडलं होतं. ते धरलं, की २०१ मिलिलिटरमध्ये मूळ नदीचं पाणी जवळपास २०० मिलिलिटर येतं. मग गणित सोपं होतं. ऑक्सिजनच्या एका रेणूमागे मँगॅनीजचे दोन अणू, त्यांच्यामागे आयोडीनचे दोन रेणू, आणि ते संपवायला थायोसल्फेटचे चार. या हिशेबाने ०.०२५ नॉर्मल हायपोचा एक मिलिलिटर म्हणजे ०.२ मिलिग्रॅम ऑक्सिजन, आणि २०० मिलिलिटर पाण्यात तेवढा असणं म्हणजे लिटरमागे एक मिलिग्रॅम. थोडक्यात, ब्युरेटवरचा आकडा हेच उत्तर.

समजा खडकवासल्याखाली हिवाळ्यात, पाण्याचं तापमान २६ अंश असताना, ब्युरेट ६.४ मिलिलिटरवर थांबली. म्हणजे ऑक्सिजन ६.४ मिलिग्रॅम प्रति लिटर. समुद्रसपाटीवर या तापमानाला कमाल मर्यादा ८.१ असते, पण पुणे सुमारे ५६० मीटर उंचीवर असल्याने हवेचा दाब कमी असतो आणि तिथे मर्यादा ७.६ च्या आसपास येते. म्हणजे नदी सुमारे ८४ टक्के भरलेली आहे. उंचीचा हिशेब सोडून नुसता ८.१ शी ताडून पाहणारा तिला विनाकारण जास्त आजारी ठरवेल.

शहरी नदीच्या पाण्याला एक वेगळीच खोड असते. सांडपाण्यात नायट्राइट असतं आणि आम्लात तेही आयोडाइडपासून आयोडीन काढतं. भरीला या क्रियेतून बनलेला नायट्रिक ऑक्साइड हवेतला ऑक्सिजन घेऊन पुन्हा तेच काम सुरू करतो. मग तपासनीस निळा रंग घालवतो, काही सेकंदांत निळा परत येतो, आणखी एक थेंब, पुन्हा निळा. शेवट सापडतच नाही. यावर तोड म्हणून आलेलं सोडियम अझाइड दुसऱ्या द्रावणात आधीच असतं. १९२५ मध्ये अल्स्टरबर्ग यांनी केलेली ही सुधारणा. आम्ल पडताच अझाइड नायट्राइटला निरुपद्रवी वायूंत बदलतं. अझाइड जुनं झालं असेल, तर परत परत उगवणारा निळा ही त्याची पहिली खूण. त्याउलट पाण्यात हायड्रोजन सल्फाइड असेल, तर ते आयोडीन खातं आणि आकडा प्रत्यक्षापेक्षा कमी येतो. फेरिक लोह जास्त असेल तर ते आयोडीन वाढवतं. तिथे पोटॅशियम फ्लोराइड घालून लोह बांधून ठेवतात. हायपोचं द्रावणही ठेवून ठेवून कमजोर होतं, म्हणून ते अधूनमधून पोटॅशियम आयोडेटने किंवा डायक्रोमेटने तपासावं लागतं. हा कंटाळवाणा भाग टाळला, की सगळे आकडे एकाच बाजूला झुकतात आणि संशयही येत नाही.

प्रदूषणाच्या बातम्यांतला बीओडी हा आकडाही याच बाटलीतून येतो. एकाच ठिकाणच्या पाण्याच्या दोन बाटल्या भरतात. एक लगेच मोजतात, दुसरी अंधारात ठेवून नंतर मोजतात. जगभर बहुतेक ठिकाणी २० अंशांवर पाच दिवस, भारतीय मानकात २७ अंशांवर तीन दिवस. मधल्या काळात जिवाणूंनी जेवढा ऑक्सिजन खाल्ला, तेवढा बीओडी. केंद्रीय मंडळाने २०१८ मध्ये देशातले ३५१ प्रदूषित नदीपट्टे याच निकषावर ठरवले. त्यांतले ५३ महाराष्ट्रातले होते, मुठा आणि मुळाही त्यांत होत्या.

एवढं सगळं नीट केलं तरी आकडा फसवू शकतो, आणि यात रसायनशास्त्राचा दोष नसतो. सांडपाण्यावर पोसलेल्या हिरव्या शेवाळाचं पाणी भर दुपारी घेतलं, तर ऑक्सिजन कमाल मर्यादेच्याही वर जातो. त्याच जागी पहाटे, रात्रभराच्या श्वसनानंतर, तो धोक्याइतका खाली आलेला असू शकतो. दोन्ही टायट्रेशनं बरोबर असतात. म्हणून नदीच्या अहवालात विरघळलेल्या ऑक्सिजनचा आकडा वाचणाऱ्याने शेजारी नमुना घेतल्याची वेळ आणि पाण्याचं तापमान दिलंय का ते पाहावं. नसेल, तर ते मागून घ्यावं. नुसत्या ‘पाच मिलिग्रॅम’वर समाधान मानू नये.