फरसबीचा एक तुकडा

चार वर्षांच्या पुतणीला फरसबी दिसली की ती ताटातून एकेक शेंग वेचून बाहेर ठेवते. बटाटा चालतो, भात चालतो, हिरवं काही नको. दोन ते सहा या वयात नव्या खाण्याविषयीचा संशय वाढलेला असतो. चालायला लागलेल्या मुलाने जे दिसेल ते तोंडात घालू नये, म्हणून ही सावधगिरी आली असावी, असं बरेच अभ्यासक मानतात. तेव्हा हा हट्ट नाही, आणि तुमच्या स्वयंपाकाचा दोषही नाही.

यावर आपल्याकडे दोन उपाय ठरलेले: ‘संपव बघू’ किंवा ‘भाजी खा, मग चॉकलेट’. अमेरिकेत लीअन बर्च यांच्या गटाने दोन्ही तपासले. सूप संपवायचा आग्रह होत असताना मुलं कमी प्यायली आणि सुपाला नावंही जास्त ठेवली. १९८४च्या प्रयोगात एक पेय प्यायल्याबद्दल बक्षीस मिळालेल्या मुलांना तेच पेय नंतर कमी आवडू लागलं. मुलाचा हिशेब सरळ आहे: ज्यासाठी लाच द्यावी लागते ते वाईटच असणार.

मग काय चालतं? लंडनमध्ये जेन वॉर्डल यांच्या गटाने २००३ साली पालकांना साधं काम दिलं. मुलाला फारशी न आवडणारी एक भाजी १४ दिवस रोज चाखायला द्यायची. या मुलांना ती भाजी जास्त आवडू लागली आणि ती जास्त खाल्लीही गेली. गंमत म्हणजे भाजी निवडताना सगळ्यात नावडती घेतली नव्हती, मधल्या क्रमांकाची घेतली होती. आपण मात्र पहिल्याच दिवशी कारल्याला हात घालतो!

आमच्याकडे कारल्याऐवजी फरसबी ठरली. नीट मऊ शिजवलेला, नखाएवढा तुकडा वेगळ्या वाटीत, जेवणाच्या सुरुवातीला, भूक असतानाच. तासभर आधी दूध-बिस्किट झालं असेल तर सगळं मुसळ केरात. नुसतं बघून भागत नाही, जिभेला चव लागायला हवी. पण चाटून परत ठेवलं तरी तो दिवस धरायचा. न चाखल्यास वाटी मुकाट्याने उचलायची. हे सगळ्यात अवघड. आजीच्या तोंडून ‘अगं, एवढंसं तर आहे’ निघतंच, आणि तोही आग्रहच. पराठ्यात किसून लपवलेली फरसबी पोटात जाते खरी, पण ओळख होत नाही.

पाच दिवस नुसतं हुंगणं. सहाव्या दिवशी चाटून तोंड वाकडं. नवव्या दिवशी चावून थुंकलं. बाराव्या दिवशी गिळलं, कुणी काही बोललं नाही. पंधरवड्यानंतर ती तीन तुकडे खायची. एखाद्या मुलाला याहून जास्त दिवस लागतात. मऊ घासानेही रोज उलटीची उबळ येत असेल किंवा वजन घटत असेल, तर मात्र बालरोगतज्ज्ञांकडेच जावं.

परवा लग्नाच्या पंगतीत तिने फरसबी पुन्हा वेचून बाहेर ठेवली. त्यात खोबरं होतं.