साठ मुलं आणि एक शिट्टी

पी.टी.च्या तासाची घंटा झाली की आठवीचा वर्ग जिन्यावरून सुसाट खाली येतो. मुलं ६०, वेळ ३५ मिनिटं, सर एक. बघता बघता निम्मी मुलं चेंडूभोवती, काही झाडाच्या सावलीत, दोघं-तिघं थेट पाण्याच्या टाकीपाशी. ओरडून ओरडून सरांचा घसा बसतो.

या तासाचा हिशोब एकदा घड्याळ लावून पाहावा. पोत्यातून एकेक दोरी काढून हातात द्यायची, प्रत्येकाला पाच सेकंद धरले तरी ६० जणांना पाच मिनिटं लागतात. गोळा करताना तेवढीच. मध्ये तीनदा सगळ्यांना बोलावलं आणि दरवेळी दोन मिनिटं गेली, तर आणखी सहा. खेळायला उरली १९ मिनिटं. म्हणजे वेळ खेळात जात नाही, एक गोष्ट संपून दुसरी सुरू होण्याच्या सांध्यात जातो. मैदानावरची शिस्त या सांध्यांवरच उभी असते.

पहिला सांधा शिट्टीचा. बेडन-पॉवेल यांच्या १९०८ सालच्या स्काउटिंगच्या पुस्तकात शिट्टीचे संकेत ठरवून दिले होते. एक लांब शिट्टी म्हणजे शांत व्हा, पुढच्या सूचनेकडे लक्ष द्या. आखूड शिट्ट्यांची माळ म्हणजे धावत एकत्र या. शाळेला हे दोन पुरतात, फार तर टोळ्यांनी जागा बदलण्यासाठी दोन आखूड शिट्ट्यांचा तिसरा संकेत. त्याहून जास्त ठेवले की मुलं एकमेकांकडे बघू लागतात. लांब शिट्टीनंतर हातातल्या वस्तूचं काय करायचं, हेही आधीच ठरलेलं हवं. चेंडू दोन पायांच्या मध्ये, दोरी दुमडून पायाशी, नजर सरांकडे. मनातल्या मनात पाच मोजेपर्यंत मैदान थांबलं नाही, तर पुन्हा पुन्हा शिट्टी फुंकण्यात अर्थ नाही. पहिली शिट्टी ऐकली नाही तरी चालतं, एवढंच मुलं त्यातून शिकतात. तिथेच खेळ थांबवून फक्त थांबण्याचा सराव घ्यावा. शेजारी दुसऱ्या वर्गाचीही शिट्टी वाजत असेल, तर आपली खूण बदलावी. हलगीचा ठोका किंवा वर धरलेला लाल रुमाल चालतो. ज्या मुलाला कमी ऐकू येतं, त्याला रुमालच खरा उपयोगी.

सूचना देण्याची रीत कवायतीकडून घ्यावी. ‘डावीकडे’ म्हटल्यावर क्षणभर थांबून ‘वळ’ म्हणतात. त्या क्षणात सगळ्यांची तयारी होते. मराठीत क्रियापद शेवटी येतं, ही इथे मोठी सोय आहे. ‘चेंडू घ्या आणि मग जोड्या करा’ म्हटलं की पहिल्या दोन शब्दांवरच मुलं पळतात, पुढचं ऐकायला कोणी उरत नाही. ‘शिट्टी वाजली की, आपापल्या जोडीदाराबरोबर, एक चेंडू… घ्या’ असं सांगितलं तर शेवटच्या शब्दापर्यंत पाय जागेवर राहतात. बोलताना सूर्य सरांच्या तोंडावर असावा, मुलांच्या पाठीवर. डोळे मिचकावणारी मुलं ऐकत नाहीत.

हद्दीचं म्हणाल, तर ‘लांब जाऊ नका’ ही हद्द नव्हे. फक्कीची रेघ आणि चार कोपऱ्यांवर चार झेंडे ही हद्द. फक्की म्हणून कळीचा चुना मात्र कधीच वापरू नये, तो डोळ्यात गेला तर डोळा भाजतो. रेघ कुंपणाच्या भिंतीपासून चार-पाच पावलं आत हवी, कारण पळणारं मूल रेघेवर थांबत नाही, रेघेच्या पुढे जाऊन थांबतं. तासाच्या सुरुवातीला सगळ्यांनी रेघेवरून एक फेरी मारली की हद्द पायांना कळते. सरांनीही मधोमध उभं राहू नये, निम्मी मुलं पाठीशी जातात. कडेने फिरत राहिलं तर सगळं मैदान नजरेत राहतं.

आता त्याच ६० मुलांच्या दहा-दहाच्या सहा टोळ्या करू. टोळ्या वर्गातच पाडायच्या आणि मैदानावर रांगेने आणायच्या. सहा जागांवर साहित्य आधीच मांडलेलं: दोन ठिकाणी दोऱ्या, दोन ठिकाणी चेंडू, एक लगोरी, एक लंगडीचं वर्तुळ. साहित्य जागेवर राहतं, मुलं फिरतात. चार मिनिटांनी लांब शिट्टी. साहित्य खाली, नजर सरांकडे. मग दोन आखूड शिट्ट्या, की टोळी घड्याळाच्या काट्याच्या दिशेने पुढच्या जागी. चेंडू दुसऱ्यांच्या जागेत घरंगळला, तर तिथल्या मुलांनी जमिनीवरून ढकलून परत द्यायचा. आणायला पळणाऱ्या मुलाचं लक्ष चेंडूवर असतं, समोरून फिरणाऱ्या दोरीवर नसतं, आणि डोक्याला डोकं इथेच आपटतं. सहाही जागा एका तासात होत नाहीत. तीन आज, तीन पुढच्या तासाला, असं केलं तर घाई टळते.

शेवटच्या पाच मिनिटांत दोरीच्या टोळ्यांचे नायक बोलतात आणि बाकीचे ऐकतात. पोत्यात एकत्र कोंबलेल्या दोऱ्यांचा पुढच्या तासाला गुंताच निघतो. म्हणून प्रत्येक दोरी मुठींपाशी धरून दुमडायची, मध्ये एक सैल गाठ मारायची आणि टोळीच्या खुंटीला अडकवायची. नायक मोठ्याने मोजतो. नऊच भरल्या, तर टोळी हलत नाही. दहावी सापडते, बहुतेक वेळा झाडाखाली, आणि मग रांग वर्गाकडे निघते.